समेवर पडलेला शब्द

दिवाळी अंकात माणसाने गोडधोड लिहावे, असा संकेत आहे. मी मात्र यंदा एका चुकीची कबुली देणार आहे. चूक जुनी आहे, वर्गातली आहे, आणि ती एकट्याने केलेली नाही. दरवर्षी साठ-सत्तर मुलांकडून ती मी लिहवून घेत आलो.

बी. ए.च्या वर्गाला नाटक शिकवताना 'स्वयंवर' आले की मला चेव येत असे. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर हे 'केसरी'तले पत्रकार, 'कीचकवध' लिहिणारे, ज्यांच्या गद्याची सरकारने 1910 साली धास्ती घेतली असे नाटककार. पण पदे लिहायला बसले की या माणसाला झाले काय? कर्ता शेवटी, क्रियापद आधी, मधेच 'मम', मधेच 'नच', शब्दांची नुसती ओढाताण! एखादे पद मी मुद्दाम कोरड्या आवाजात वाचून दाखवी. वर्ग खदखदून हसे. मग मी फळ्यावर लिही : 'खाडिलकर हे मोठे नाटककार, पण कवी म्हणून सामान्य.' मुले ते वहीत उतरवीत आणि उत्तरपत्रिकेत मला परत करीत. काही वर्षांपूर्वी एका मुलीने मात्र लिहिले होते की, ही पदे ऐकल्याशिवाय त्यांच्यावर मत देऊ नये. मी समासात लाल शाईने 'विधान निराधार' असा शेरा मारला आणि दोन गुण कापले.

यंदाच्या पावसाळ्यात तोच प्रयोग चालू असताना मागच्या बाकावरचा एक मुलगा हसत नव्हता. तास संपल्यावर तो टेबलापाशी आला. हा आमच्या गावच्या भजनी मंडळात तबला वाजवतो, एवढे मला ठाऊक होते.

"सर, रागावू नका, पण हे वाचायचं नसतं."

"मग काय करायचं असतं?"

"मोजायचं असतं, सर."

संध्याकाळी तो घरी आला. तबला आणला नव्हता. स्वयंपाकघरातला पाट उपडा घालून त्याने बोटांनी ठेका धरला. सोळा मात्रांचा त्रिताल. पहिली मात्रा ती सम. गाणाऱ्याने कुठेही भटकावे, पण समेवर येऊन भेटावे, हा करार. मध्यलयीतली पुष्कळशी बंदिश नवव्या मात्रेपासून उठते, म्हणजे मुखड्याला सम गाठण्यापूर्वी आठ मात्रा मिळतात.

"आता सर, एक साधं वाक्य द्या. विरहाचं."

मी म्हटले, "रात्र सरत नाही."

त्याने ते तालात बसवून दाखवले. ऱ्हस्वाला एक मात्रा, दीर्घाला दोन, असा ढोबळ हिशोब. 'रा' दोन, 'त्र' एक, 'स', 'र', 'त' यांच्या तीन, 'ना' दोन : झाल्या आठ. आणि समेवर काय आले? 'ही'! शब्दाचे शेपूट. 'ना' अलीकडे राहिला, 'ही' पलीकडे पडला. शिवाय ईकारावर ओठ ताणलेले, आवाज अरुंद. सगळ्या मैफलीने मान डोलवायची त्या जागी अर्थही नाही आणि स्वराला मोकळी जागाही नाही.

"आता फिरवू या," तो म्हणाला. आम्ही दोघांनी बराच वेळ खटपट केली, आणि अखेर असे जमले : 'सरत न अजुनी रात्र.' मोजून पाहा. 'स', 'र', 'त', 'न', 'अ', 'जु' या सहा, 'नी' दोन. आठ पुऱ्या झाल्या, आणि समेवर धाडदिशी आला तो 'रात्र'मधला 'रा'. उघडा आकार! त्यावर क्षणभर थांबा, मींड घ्या, छोटी तान घ्या, 'त्र' सावकाश म्हणा, काही बिघडत नाही. आणि जो शब्द दुखतो तोच नेमका समेवर.

मी ते कागदावर लिहून पुन्हा वाचले. कर्ता शेवटी, क्रियापद आधी, मधे एक 'न'. हुबेहूब तेच, ज्याला मी इतकी वर्षे हसत होतो!

हा हिशोब ढोबळ आहे, हे सांगायला हवे. गाणारा 'नी' आखडतो, 'त' लांबवतो, मात्रेच्या आगेमागे शब्द टाकतो. पण सांगाडा हाच. आणि 'स्वयंवरा'त चाल आधी आली, शब्द मागाहून आले, हे लक्षात घेतले म्हणजे खाडिलकरांपुढची अडचण कळते.

ही अडचण अण्णासाहेब किर्लोस्करांना नव्हती. विष्णुदास भाव्यांनी 1843 साली सांगलीला 'सीतास्वयंवर' केले तेव्हा गाणे सूत्रधाराकडे होते. तो गाई, पात्रे सोंग वठवीत आणि बोलत. 31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्यात अण्णासाहेबांनी 'शाकुंतला'चे पहिले चार अंक रंगभूमीवर आणले, आणि गाणे पात्रांच्या तोंडी गेले. त्यात पदे दोनशेच्या आसपास! एवढी पदे मावली कशी? कारण ती बहुतेक छोटी, साकी-दिंडीच्या घाटाची. साकीच्या ओळीत सोळा आणि बारा मिळून अठ्ठावीस मात्रा, दिंडीच्या ओळीत नऊ आणि दहा मिळून एकोणीस. या चाली कीर्तनामुळे घरोघर पाठ. पात्र दिंडी म्हणे, ती संपे, गोष्ट पुढे सरके. 1882 साली आलेल्या 'सौभद्रा'तही पुष्कळ ठिकाणी हाच प्रकार आहे. पद हा तिथे संवादच, फक्त सुरात म्हटलेला. म्हणून ती पदे नुसती वाचली तरी गोड लागतात.

मग 1911 साली 'मानापमान' आले. संगीत गोविंदराव टेंब्यांचे. ठुमरी, होरी, कजरी अशा पूरब वळणाच्या चाली मराठी नायिकेच्या गळ्यात उतरल्या. पदांची संख्या पन्नास-साठाच्या घरात आली, पण एकेक पद पसरू लागले. आणि 10 डिसेंबर 1916 रोजी 'स्वयंवर' रंगभूमीवर आले, तेव्हा चाली देणारे होते भास्करबुवा बखले. बडोद्याचे फैजमहंमदखाँ, आग्र्याचे नथ्थनखाँ आणि जयपूर घराण्याचे अल्लादियाखाँ, अशा तीन ठिकाणी शिकलेला हा गवई. बालगंधर्वांचे ते गुरू. त्यांनी ख्यालाच्या बंदिशींचे साचे नाटकात आणले. यमन, भूप, बिहाग हे राग आता नाटकाच्या तिकिटात ऐकायला मिळू लागले.

ब्रज भाषेतल्या बंदिशीचे एक सुख असते. तिथे शब्द मऊ, जोडाक्षरे कमी, शेवटचा स्वर लांबवा की आखडा, कुणी हटकत नाही. मराठीत तसे नाही. आपला 'रात्र' बोलताना जवळजवळ पाय मोडून उभा राहतो. आपली क्रियापदे वाक्याच्या टोकाला बसतात आणि 'आहे', 'नाही' यांनी वाक्य बंद करतात. ही भाषा परक्या साच्यात ओतायची, समेवर उघडा स्वर आणायचा आणि तिथेच अर्थाचा शब्दही ठेवायचा, म्हणजे वाक्याची मोडतोड आलीच. 'मम', 'नच' हे दोन-दोन ऱ्हस्व अक्षरांचे शब्द कवीला का लागत, हे मला त्या पाटापुढे बसल्यावर कळले. 'माझा'ला चार मात्रा लागतात, 'मम' दोन मात्रांत भागते!

पण नुसते बसले म्हणजे नाटक झाले का? हा प्रश्न मीच त्या मुलाला विचारला. रुक्मिणी यमन गाते तेव्हा नाटक थांबत नाही काय?

"थांबतं ना, सर. पण तिथं थांबायलाच हवं असतं."

मला हे पटायला दोन दिवस लागले. रुक्मीला शिशुपाल हवा, रुक्मिणीला कृष्ण हवा, आणि शेवटी कृष्णच येणार हे पिटातल्या पोरालाही ठाऊक. म्हणजे 'पुढे काय होणार' ही ओढ या नाटकात मुळातच कमी. उरते ते रुक्मिणीचे मन, आणि मनाला घड्याळ नसते. एकच ओळ चार वेळा आली आणि चारही वेळा निराळ्या वाटेने समेला मिळाली, तर तिथे घटना थांबलेली असते, पण भावना पुढे सरकत असते. संवादाने जे एका वाक्यात संपले असते, ते राग उलगडून दाखवतो. म्हणून पौराणिक प्रेमकथेला ही गायकी मानवली.

हीच गायकी 1919 सालच्या 'एकच प्याल्या'त अडखळते. तिथे दारूने बुडालेला संसार, दारिद्र्य, तान्हे मूल. गडकऱ्यांचे गद्य घटना पुढे रेटत असते, आणि विठ्ठल सीताराम गुर्जरांनी लिहिलेली सिंधूची पदे आली की दोन घड्याळे एकदम चालू लागतात. पद आटोपशीर असेल तर ते सिंधूचा हुंदका होते. लांबले तर सिंधू नाहीशी होते आणि गवई उरतो. त्यात 'वन्समोअर'! रात्री सुरू झालेले नाटक पहाटेकडे झुके, याचे कारण लेखकाने लिहिलेले पाच अंक नव्हेत, प्रेक्षकांनी मागून घेतलेली तीच तीच पदे.

पारख साधी आहे. पद संपल्यावर येणारे पहिले गद्य वाक्य ऐकावे. ते पदातूनच उगवल्यासारखे वाटले, तर गाणे नाटकाचे. टाळ्या ओसरेपर्यंत ते वाक्य कुणालाच ऐकू आले नाही, तर गाणे गाणाऱ्याचे. पुढे 1967 साली दारव्हेकरांच्या 'कट्यार काळजात घुसली'ने या भांडणावर चांगला तोडगा काढला. दोन घराण्यांचे गाणे हाच कथेचा विषय केला. तिथे गवई गाऊ लागला की नाटक थांबतच नाही, ते तेव्हाच सुरू होते.

जुन्या तबकड्या मी आता पुन्हा ऐकतो आहे. तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटे, म्हणजे रंगभूमीवरच्या पदाचा तो केवळ आराखडा. तरीही शब्द समेवर कुठे पडतो, एवढे तिच्यातून नक्की कळते. मी वहीत पदाखाली आकडे मांडतो. ज्या जागा मला कवीच्या दुबळेपणाच्या वाटल्या होत्या, त्यांतल्या बऱ्याच जागांवर सम निघते. सगळ्याच नव्हे. काही ओळी मोजूनही वाईटच ठरल्या, हेही मुलांना सांगितले पाहिजे.

टिपणातले ते जुने वाक्य मी खोडले आहे. त्या जागी नवे वाक्य अजून लिहिले नाही. वर्गात पाट न्यायचा ठरवला आहे. ठेका तो मुलगा धरील, मोजतील सगळे, आणि मग ज्याने त्याने आपले वाक्य आपण लिहावे.

राहता राहिले ते दोन गुण. ती मुलगी आता कुठल्याशा शाळेत मराठी शिकवते, असे ऐकतो. गुणपत्रिका बदलता येत नाही. पत्ता मिळवून तिला एक पत्र मात्र लिहिले आहे. 'तुमचे विधान साधार होते,' एवढाच मजकूर. दिवाळीच्या आत पोचावे.