कोणत्या नियमाखाली काढलं, ते आधी सांगा

स्तनाच्या कर्करोगाची एक खूण अशी असते की बोंड हळूहळू आत ओढलं जातं. दुसऱ्या एका खुणेत त्वचा संत्र्याच्या सालीसारखी खडबडीत दिसते. या खुणा शब्दांत कितीही समजावल्या तरी बाईला आरशासमोर उभं राहिल्यावर त्या ओळखता येतीलच असं नाही, म्हणून अशा लेखात चित्रं द्यावी लागतात. आणि बोंड न दाखवता आत ओढलेलं बोंड कसं दाखवायचं, हे मला तरी माहीत नाही.

माझा असाच एक सचित्र लेख मी एका समाजमाध्यमावर टाकला होता. कुणीतरी तो 'अश्लील' म्हणून रिपोर्ट केला. मला तो दिसत होता, पण दोन वाचक भगिनींनी कळवलं, "डॉक्टर, 'मजकूर उपलब्ध नाही' असं येतंय." तुमच्या बाबतीत असं झाल्याची शंका आली, तर आपल्या खात्यातून बाहेर पडून किंवा ब्राउझरच्या प्राय‌व्हेट विंडोमध्ये तीच लिंक उघडून पाहा. आपल्या खात्यातून पाहिलं तर सारं आलबेल दिसू शकतं. मग ईमेल, त्यातला स्पॅमचा कप्पा आणि खात्याच्या सेटिंग्जमधल्या सूचना तपासा. मला आलेल्या सूचनेत एकच वाक्य होतं: आमच्या मार्गदर्शक तत्त्वांचा भंग झाला आहे.

हे उत्तर नाही. रुग्णाच्या केसपेपरवर निदानाच्या जागी 'आजारी' एवढंच लिहिलं तर तुम्ही त्या डॉक्टरकडे पुन्हा जाल का? मार्गदर्शक तत्त्वं ही नियमांची अख्खी चोपडी असते. त्यात नग्नतेचं कलम वेगळं, औषधविक्रीचं वेगळं, दुसऱ्याच्या खासगीपणाचं वेगळं. कलम कळलं तरच बचाव करता येतो, कारण अपवाद त्या कलमातच लिहिलेला असतो.

ब्राझीलमधलं प्रकरण पाहा. ऑक्टोबर 2020 मध्ये तिथल्या एका व्यक्तीने इन्स्टाग्रामवर कर्करोगाच्या लक्षणांची आठ छायाचित्रं टाकली. पाचांत बोंड दिसत होतं. इथे रिपोर्टचीही गरज पडली नाही, यंत्रणेनेच ती पोस्ट नग्नतेच्या नियमाखाली काढली. चित्रावर 'स्तनाचा कर्करोग' असे शब्द पोर्तुगीजमध्ये लिहिलेले होते, ते यंत्रणेला ओळखता आले नाहीत. (मराठीत लिहिणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.) गंमत म्हणजे त्याच नियमात वैद्यकीय आणि कर्करोग-जागृतीच्या चित्रांना स्पष्ट सूट होती! ओव्हरसाइट बोर्डाने प्रकरण सुनावणीला घेतलं, तेव्हा कंपनीने चूक मान्य करून पोस्ट परत आणली. जानेवारी 2021 च्या निर्णयात बोर्डाने शिफारस केली की पोस्ट काढताना वापरकर्त्याला नेमका नियम सांगावा.

"एवढं कशाला ताणता, बोंडावर गुलाबी ठिपका लावा आणि पुन्हा टाका," असा सल्ला मला बऱ्याच जणांनी दिला. मला तो पटत नाही. ठिपक्याखाली खूणच झाकली जाते, मग लेख उरतो कशाला? शिवाय कारण न कळता तोच मजकूर पुन्हा टाकला तर तो दुसरा भंग म्हणून मोजला जाऊ शकतो आणि खातंच गोत्यात येतं.

आपल्याकडे 2021 च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार मोठ्या समाजमाध्यम कंपनीने स्वतःहून मजकूर काढायचा असेल, तर काढण्याआधी वापरकर्त्याला कारणासह कळवायचं असतं आणि म्हणणं मांडायची संधी द्यायची असते. प्रत्यक्षात 'आधी' कोण कळवतं? म्हणून कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी विचारा. नाव-पत्ता कंपनीच्या संकेतस्थळावर असायलाच हवा. पोस्टची लिंक, आलेली सूचना आणि 'कोणतं कलम, कोणत्या चित्रासाठी' हा एकच प्रश्न, एवढं पुरे. तक्रारीची पोच 24 तासांत मिळायला हवी. त्या अधिकाऱ्याचा निर्णय पटला नाही, तर तो मिळाल्यापासून 30 दिवसांत केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन अपील करता येतं. सूचनेत सरकारी किंवा न्यायालयीन आदेशाचा उल्लेख असेल तर मात्र हा मार्ग चालत नाही, तिथे वकील गाठावा.

आणि रिपोर्ट दर वेळी खोडसाळच असतो असंही नाही. तुम्ही एखाद्या रुग्णेचं छायाचित्र तिच्या संमतीविना टाकलं असेल आणि उत्तरात खासगीपणाचं कलम आलं, तर वाद घालू नका, ते त्याच दिवशी काढा. पण नग्नतेचं कलम आलं आणि चित्र शिकवण्यासाठीचं रेखाचित्र असेल, तर त्या कलमातली वैद्यकीय सूट शोधून तीच ओळ त्यांना उलट लिहून पाठवा. मी तेच केलं आहे, आणि उत्तर येईपर्यंत ती चित्रं माझ्या दवाखान्यातल्या भिंतीवर लावलेली आहेत.