वॉलेटमधले पैसे बँकेत परत येतात का? तुमच्या केवायसीवर अवलंबून आहे!

१५ मार्च २०२४ नंतर सोमाटणे फाट्याच्या टोलनाक्यावरून जाणाऱ्या काही गाड्यांच्या मालकांपुढे एक वेगळाच प्रश्न होता. त्यांचा फास्टॅग पेटीएम पेमेंट्स बँकेचा होता. रिझर्व्ह बँकेच्या आदेशामुळे त्यात नवे पैसे भरणं बंद झालं, शिल्लक संपेपर्यंत टोल तेवढा कापला जाणार होता. वॉलेटचंही तसंच झालं. फक्त एक फरक होता: ज्यांची पूर्ण केवायसी होती, ते उरलेले पैसे बँक खात्यात पाठवू शकत होते. अर्धवट केवायसीवाल्यांना मात्र दुकानात खर्च करा, नाहीतर वॉलेट बंद करून रिफंड मागा, एवढेच पर्याय होते.

हा फरक त्या एका कंपनीचा नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०२१ च्या नियमांतच तो आहे. मोबाईल नंबर, ओटीपी आणि एखाद्या ओळखपत्राचा नंबर टाकून उघडलेलं वॉलेट म्हणजे छोटं वॉलेट. त्यात एका वेळी १०,००० रुपयांपेक्षा जास्त शिल्लक ठेवता येत नाही, महिन्याला भरणाही तेवढाच. त्यातून खरेदी होते, पण मित्राला किंवा बँकेत पैसे पाठवता येत नाहीत. ओळख नीट पडताळून, म्हणजे समोरासमोर किंवा व्हिडिओ कॉलवर, पूर्ण केवायसी झाली की मर्यादा २ लाखांवर जाते आणि बँकेत पाठवण्याची सोयही सुरू होते.

आता समजा, फाट्यावरच्या एखाद्या पोराच्या छोट्या वॉलेटमध्ये ४,००० रुपये अडकलेत. त्यातले ३,००० त्याने आईच्या डेबिट कार्डावरून भरले होते, १,००० दुकानात रोख देऊन. तो वॉलेट बंद करू शकतो, ती मुभा नियमातच आहे. पण पैसे जिथून आले तिथेच परत जातात, म्हणजे ३,००० आईच्या खात्यात! रोखीच्या १,००० ला मागे खातंच नाही. सगळे ४,००० स्वतःच्या खात्यात हवे असतील तर आधी केवायसी पूर्ण करावी लागेल. (आईशी आधी बोललेलं बरं.)

पूर्ण केवायसी असेल तर काम सोपं आहे. ॲपमध्ये वॉलेट उघडा, बँकेत पाठवा हा पर्याय निवडा, खाते क्रमांक आणि आयएफएससी टाका. शेवटचं बटण दाबण्याआधी शुल्क बघा, काही कंपन्या टक्केवारीने कापतात. तो पर्यायच दिसत नसेल किंवा दाबल्यावर केवायसी मागत असेल, तर तुमचं वॉलेट छोटं आहे असं समजा. केवायसी ॲपच्या आतूनच करा. ‘केवायसी संपलीय’ म्हणून फोन करून स्क्रीन शेअर करायला लावणारा माणूस चोर असतो.

बँक खात्यातल्या ठेवीला व्याज मिळतं, ५ लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं. वॉलेटच्या शिलकीवर व्याज द्यायला परवानगीच नाही. त्यामुळे पगार किंवा साठवलेले पैसे तिथे ठेवू नका, आठवड्याच्या चहा-वडापावपुरते पुरेत.