साडेआठला जेवायचंय? मग घड्याळ उलटं वाचा!

रूमवर चार जणांचा स्वयंपाक करायचा म्हटलं की आपण पहिला प्रश्न विचारतो, 'सुरुवात कशानं करायची?' खरं तर विचारायला हवं, 'शेवटी काय करायचं?' कारण ताट वाढताना सगळं गरम हवं असेल, तर स्वयंपाक पुढून मागे नाही, मागून पुढे आखावा लागतो. जेवायची वेळ आधी ठरवायची आणि तिथून एकेक पायरी मागे यायचं.

हे काही फक्त गरम जेवणाचे लाड नाहीत. आपल्या बहुतेक घरांत सगळ्यांना गरम भाकरी मिळते, कारण एक जण तव्यापासून हलत नाही. बाकीचे जेवायला बसतात, तव्यावरची भाकरी थेट ताटात जाते आणि करणारी व्यक्ती सगळ्यांचं उरकल्यावर उरलेलं, गार झालेलं खाते. घरी ती व्यक्ती बहुतेक वेळा आई असते. रूमवर ज्याला भाकरी येते त्याच्यावर ही पाळी येते, आणि महिन्याभरात तो 'मला नाही जमणार, मेस लावू' म्हणायला लागतो. आमचं म्हणणं असं की हा प्रश्न जितका स्वभावाचा वाटतो तितका तो नाही. बराचसा तो वेळापत्रकाचा आहे.

आता एक खरंखुरं ताट घेऊ. मंठा, परतूर, भोकरदनहून जालन्यात शिकायला आलेल्या चार जणांची खोली. दोन बर्नरची शेगडी, एक तवा, एक कुकर, एक कढई, एक पातेलं. बेत साधा आहे: ज्वारीच्या आठ भाकरी, वांग्याची भाजी, घरून डब्यात आणलेल्या येसरची आमटी, भात आणि ठेचा. जेवायला बसायचं साडेआठला.

पहिलं काम म्हणजे कोणता पदार्थ किती थांबू शकतो हे ठरवणं. ठेचा गरम लागतच नाही, तो तासभर आधी झाला तरी चालतो. वांग्याची भाजी झाकून ठेवली तर अर्धा तास आरामात थांबते आणि पाच मिनिटांत परत गरम होते. भात तर आणखी समजूतदार. गॅस बंद केल्यावर झाकण उघडलं नाही तर कुकरमध्ये तो पंचवीस-तीस मिनिटं वाफाळता राहतो. उलट वाफ आपोआप जिरायला त्याला दहा-पंधरा मिनिटं द्यावीच लागतात. आमटी मात्र जरा नखरेल आहे. येसरमध्ये भाजून दळलेली धान्यं-डाळी असतात, त्यामुळे गार होताना ती घट्ट होत जाते, वर साय धरते आणि परत गरम करताना गरम पाणी घालून चव सावरावी लागते. आणि सगळ्यात उतावळी भाकरी. तव्यावरून उतरली की तिचा वेळ सुरू होतो.

म्हणून शेवटी भाकरी, तिच्या जोडीनं आमटी, त्याआधी भात आणि सगळ्यात आधी भाजी. इथवर कुणीही सांगेल. खरी अडचण पुढे आहे: बर्नर दोनच आहेत.

भाकरीचा हिशेब करा. हात बसलेला असेल तर एक भाकरी तव्यावर असताना दुसरी थापून होते आणि साधारण साडेतीन मिनिटाला एक उतरते. आठ भाकरींना अठ्ठावीस मिनिटं. म्हणजे ८:२८ ला शेवटची भाकरी उतरवायची असेल तर पहिली आठच्या ठोक्याला तव्यावर पडली पाहिजे. तवा तापायला पाच मिनिटं, म्हणून तो ७:५५ ला चढवायचा. याचा सरळ अर्थ असा की ७:५५ नंतर मोठा बर्नर दुसऱ्या कशालाही मिळणार नाही. उरलेलं सगळं एका बर्नरवर, नाहीतर ७:५५ च्या आत.

दुसऱ्या बर्नरवरही शेवटाकडून या. ८:२३ ते ८:२८ भाजी गरम करायची. त्याआधी पंधरा मिनिटं आमटीची, म्हणून फोडणी ८:०८ ला. त्याआधी कुकर: तीन शिट्ट्या धरून पंधरा मिनिटं, ७:५० ते ८:०५. तांदूळ धुऊन वीस मिनिटं भिजवायचा, म्हणजे ७:३० ला. आणि कुकर चढण्याआधी, ७:४५ ला, भाकरीच्या पिठासाठी पाणी गरम करून झाकून ठेवायचं. पीठ घरून येऊन बरेच दिवस झाले असतील तर त्याची विरी जाते आणि थापताना कडा फाटतात. गरम पाण्यानं मळलं की ते बऱ्यापैकी सावरतं. पण सगळं एकदम मळून ठेवू नका, ते सुकतं. एका वेळी दोन भाकरींपुरतं मळा.

राहिली भाजी. तिला पंचवीस मिनिटं लागतात आणि ती मोठ्या बर्नरवर ७:५५ च्या आत व्हायला हवी. ७:५० ला उतरवली तर पाच मिनिटं हाताशी राहतात. म्हणजे फोडणी ७:२५ ला. त्याआधी शेंगदाणे आणि मिरच्या भाजणं, कूट, ठेचा, कांदा-वांगी चिरणं यांना पंचवीस मिनिटं. आपण सात वाजेपर्यंत मागे आलो. आता हाच कागद वरून खाली लिहून फ्रिजवर, नसेल तर भिंतीवर चिकटवा:

७:०० शेंगदाणे-मिरच्या भाजणं, ठेचा, चिराचिरी
७:२५ मोठा बर्नर: वांग्याची भाजी
७:३० तांदूळ भिजवणं
७:४५ छोटा बर्नर: पिठासाठी पाणी
७:५० भाजी उतरवून झाकणं. छोट्या बर्नरवर कुकर
७:५५ मोठा बर्नर: तवा
८:०० पहिली भाकरी
८:०५ कुकर बंद, झाकण उघडायचं नाही
८:०८ छोटा बर्नर: आमटी
८:२३ भाजी गरम करणं, पाणी-ताटं मांडणं
८:२८ शेवटची भाकरी, कुकर उघडणं
८:३० सगळे ताटावर

यात गंमत बघा. हाच स्वयंपाक सुचेल तसा केला तरी दीड तासच लागतो. सात वाजता कुकर लावला, मग भाजी, मग आमटी, मग भाकरी, असं बहुतेक जण करतात. शेवटची भाकरी तेव्हाही साडेआठलाच उतरते, पण भात तोवर तासभर थांबून गार झालेला असतो, आमटीवर साय आलेली असते आणि भुकेले दोघं आठ-दहालाच ताट घेऊन बसलेले असतात. वेळ तेवढाच, गॅसही जवळपास तेवढाच. फरक फक्त क्रमाचा.

दुसरी गोष्ट, या यादीत कशाला उशीर झालेला चालतो आणि कशाला नाही, हे ओळखायला शिका. तांदूळ पाच मिनिटं उशिरा भिजला तर काही बिघडत नाही. ठेचा मागे पडला तर तो ८:२० लाही वाटता येईल. पण भाजी दहा मिनिटं लांबली तर हाताशी ठेवलेली पाच मिनिटं संपतात, तवा पाच मिनिटं उशिरा चढतो आणि जेवण तेवढंच पुढे जातं. म्हणजे चिराचिरी, भाजी, तवा, भाकरी ही साखळी जेवणाची वेळ ठरवते. इंजिनिअरिंग आणि बीबीएवाले परीक्षेत जी 'क्रिटिकल पाथ मेथड' लिहितात ती हीच. १९५० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत ड्युपाँट या रसायन कंपनीच्या कारखान्यांतली कामं आखण्यासाठी ती पुढे आली. स्वयंपाकघरात तिचा अर्थ एवढाच: एक जण वांगी चिरत असताना दुसरा मोकळा असेल तर त्यानं आधी चिरायला बसावं, ताटं नंतर पुसावीत.

आणि हात मोजायला विसरू नका, ते बर्नरइतकेच महत्त्वाचे. ८ ते ८:२८ भाकरी करणाऱ्याचे दोन्ही हात पिठात असतात. त्याच वेळी आमटीला कुणीतरी ढवळावं लागतं, नाहीतर ती तळाला धरते किंवा उतू जाते. कागदावर दोन्ही कामं शेजारी शेजारी बसतात, पण एकट्या माणसाला ती जमत नाहीत. दुसरा कुणी नसेल तर बेत बदला. आमटी वगळून भाजी थोडी रसदार करा. 'येतं की एकट्याला' म्हणत रेटलं तर एकतर भाकरी करपते, नाहीतर आमटी लागते.

आता कबूल करण्यासारखी मर्यादा. आठही भाकरी तव्यावरून उतरल्यासारख्या मिळणार नाहीत. पहिली भाकरी साडेआठला जवळपास अर्धा तास जुनी असेल. ती उतरवल्यावर अर्धा मिनिट उभी टेकवून वाफ जाऊ द्या, मग सुती कापड घातलेल्या डब्यात ठेवून वर कापड दुमडा. तशीच वाफेसकट डब्यात कोंबली तर खालून ओली होते. कापडातली भाकरी मऊ आणि कोमट राहते, आणि वर उकळती आमटी पडली की कुस्करून खाताना ती अजिबात गार लागत नाही. हात बसलेला नसेल आणि भाकरीला पाच मिनिटं लागत असतील, तर आठ भाकरींना चाळीस मिनिटं धरा आणि तवा बारा मिनिटं आधी चढवा. त्याबरोबर मोठ्या बर्नरवरचं आधीचं सगळंच बारा मिनिटं मागे जाईल. म्हणून आमचे आकडे पाठ करू नका, एकदा मोबाइल समोर ठेवून स्वतःचे मोजा.

भाकरी हीच अडचण आहे हे आपल्या गावांनी केव्हाच ओळखलंय. हरिनाम सप्ताहाच्या महाप्रसादाला कित्येक गावांत आमटी एका मोठ्या कढईत देवळाजवळ शिजते, पण भाकरी घराघरातून येतात. हजार माणसांच्या भाकरी एका तव्यावर होऊच शकत नाहीत, म्हणून ते काम शंभर तव्यांवर वाटलं जातं. मात्र तिथंही बघा, कढईशी बहुतेक पुरुष आणि तव्याशी बहुतेक बाया. काम वाटलं गेलं, पण तव्यापासची माणसं तीच राहिली.

म्हणून रूमवर सुरुवात करताना कागदावर वेळेसोबत नावंही लिहा, आणि दर आठवड्याला ती बदला. सुट्टीत घरी गेलात की एका संध्याकाळी हाच कागद तिथंही मांडा. आई भाकरी थापत असेल तर आमटी तुम्ही ढवळा, भाजी तुम्ही गरम करा, ताटं तुम्ही मांडा, आणि शेवटची भाकरी डब्यात पडेपर्यंत कुणीही घास उचलायचा नाही. ८:२८ ला तवा उतरला की ८:३० ला पाचवं ताट आईचं असेल. तेही गरम.