ईएमआयवर घेतलं, पण बिल पूर्ण रकमेचं आलं? आधी चार्जस्लिप बघा

समजा, नागपूरच्या सीताबर्डीत तुम्ही ३६,००० रुपयांचा फ्रिज सहा महिन्यांच्या नो-कॉस्ट ईएमआयवर घेतला. हप्ता ६,००० रुपयांचा ठरला, पण कार्डाच्या ॲपवर ३६,००० रुपये दिसले. लगेच घाबरू नका. बँक आधी पूर्ण रक्कमच टाकते, हप्ते पडायला काही दिवस लागतात.

मात्र बिलातही पूर्ण रक्कम आली, तर दुकानातली चार्जस्लिप काढा. तिच्यावर महिने आणि हप्त्याची रक्कम छापलेली असेल, तर व्यवहार ईएमआयचाच आहे. बँकेकडे स्लिप जोडून लेखी तक्रार करा आणि तक्रार क्रमांक घ्या.

स्लिपवर हे नसेल, तर कार्ड साधंच स्वाइप झालंय. त्याच दिवशी कळलं, तर दुकानदाराला व्यवहार रद्द करून पुन्हा स्वाइप करायला सांगा. नंतर बँकेच्या ॲपमधून हप्ते करता येतात, पण त्यावर व्याज आणि जीएसटी लागतो.

तोवर देय तारीख चुकवू नका. फक्त किमान रक्कम भरली, तर उरलेल्या रकमेवर व्याज चढतं. म्हणून तारखेआधीच बँकेकडून लेखी उत्तर मागा. ३० दिवसांत उत्तर मिळालं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर मोफत तक्रार करता येते.