उतारा खरा, उत्तर खोटे: दस्तऐवजांना प्रश्न विचारताना

दिल्लीच्या द्वारका उपनगरात, सेक्टर 10 मध्ये, भारतीय राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचे मुख्यालय आहे. टोलवसुलीसंबंधीची परिपत्रके, धोरणपत्रे आणि स्पष्टीकरणे तेथून निघतात आणि देशभरातील टोलनाके, कंत्राटदार व मालवाहतूक कंपन्या यांच्या फायलींत जमा होतात. अशा एखाद्या वाहतूक कंपनीला आपल्या संग्रहातून चालकांच्या प्रश्नांची उत्तरे आपोआप मिळावीत असे वाटणे स्वाभाविक आहे. त्यासाठी आज जी पद्धत सर्रास वापरली जाते, तिचा एक मूलभूत दोष या कागदांवर फार स्वच्छ दिसतो. प्रश्नाशी मिळताजुळता उतारा शोधणे आणि आज लागू असलेला उतारा शोधणे ही दोन वेगळी कामे आहेत. ही पद्धत पहिलेच काम करते.

पॅट्रिक लुईस आणि सहकाऱ्यांच्या 2020 मधील शोधनिबंधाने या पद्धतीला ‘रिट्रीव्हल-ऑगमेंटेड जनरेशन’ हे नाव दिले. त्याचेच ‘रॅग’ हे लघुरूप रूढ झाले. आज कंपन्यांत तिचे जे रूप दिसते, ते साधारण असे असते. दस्तऐवजांचे दोनतीनशे शब्दांचे तुकडे करतात. प्रत्येक तुकडा एका एम्बेडिंग मॉडेलमधून नेला की त्याचा काहीशे अंकांचा सदिश मिळतो. अर्थाने जवळच्या मजकुरांचे सदिश साधारणपणे एकाच दिशेकडे झुकलेले असतात. प्रश्नाचाही असाच सदिश काढतात, त्याच्याशी सर्वांत लहान कोन करणारे पाचदहा तुकडे निवडतात आणि ते प्रश्नासोबत भाषा-मॉडेलपुढे ठेवतात. मॉडेलने उत्तर या तुकड्यांच्या आधारेच द्यावे, अशी अपेक्षा असते.

आता एका चालकाचा प्रश्न घेऊ: ‘टोलनाक्यावर रांग 100 मीटरपेक्षा लांब असेल, तर टोल भरावा लागतो का?’

मे 2021 मध्ये प्राधिकरणाने याच विषयावर मार्गदर्शक सूचना काढल्या होत्या. गर्दीच्या वेळीही प्रत्येक वाहनाला 10 सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागू नये, नाक्यापासून 100 मीटरवर पिवळी रेषा आखावी आणि रांग त्यापलीकडे गेली, तर ती 100 मीटरच्या आत येईपर्यंत वाहने टोल न घेता सोडावीत, असे त्यांत म्हटले होते. ऑगस्ट 2024 मध्ये टोलमाफीची ही तरतूद मागे घेण्यात आली, कारण 2008 च्या राष्ट्रीय महामार्ग शुल्क नियमांत अशा सवलतीला आधार नव्हता. म्हणजे चालकाच्या प्रश्नाचे आजचे उत्तर ‘होय, भरावा लागतो’ असे आहे.

यंत्रणेच्या हाती मात्र काय लागण्याचा संभव अधिक? 2021 च्या उताऱ्यात रांग, 100 मीटर, टोल, वाहने असे प्रश्नातले सगळेच विषय आहेत, त्यामुळे दोन्ही सदिशांतला कोन लहान येणार. रद्द करणाऱ्या पत्रांची धाटणी निराळी असते. अमुक दिनांकाचे, अमुक क्रमांकाचे पत्र मागे घेण्यात येत आहे, एवढ्यावर ती बरेचदा थांबतात. अशा वाक्याचे चालकाच्या प्रश्नाशी शब्दसाम्य जवळजवळ नसते आणि अर्थसाम्यही फारसे नसते. जुना उतारा वर येतो, तो रद्द करणारे पत्र खाली राहते आणि मॉडेल प्रामाणिकपणे चुकीचे उत्तर देते.

या चुकीला ‘मॉडेलने थाप मारली’ असे म्हणता येत नाही. मॉडेलने काहीच रचलेले नसते. उत्तराखाली दिलेला संदर्भ अस्सल असतो आणि तो उघडून पाहिला तर तेथे नेमके तेच वाक्य सापडते. म्हणूनच ‘आमची यंत्रणा प्रत्येक उत्तराला संदर्भ देते’ या दाव्यावर विसंबणे धोक्याचे आहे. संदर्भामुळे उत्तर कोठून आले ते कळते, पण तो कागद अजून जिवंत आहे की नाही ते कळत नाही.

कायद्याच्या दुरुस्त्यांत हीच अडचण आणखी गडद होते. 15 नोव्हेंबर 2025 ला लागू झालेल्या दुरुस्तीनुसार वैध फास्टॅग नसलेल्या वाहनाने रोख पैसे दिल्यास दुप्पट शुल्क ठरले, परंतु यूपीआयने भरल्यास सव्वापट. ज्या वाहनाचा टोल 100 रुपये, त्याला त्या दुरुस्तीनुसार रोखीने 200 आणि यूपीआयने 125 रुपये पडणार होते. राजपत्रातील दुरुस्ती मात्र बहुधा ‘अमुक नियमातील अमुक शब्दांऐवजी पुढील शब्द घालावेत’ अशा साच्यात छापली जाते. मूळ नियम एका तुकड्यात आणि दुरुस्ती दुसऱ्याच फायलीतल्या दुसऱ्या तुकड्यात असते. त्यात शब्दमोजणीची कात्री मुख्य वाक्य आणि ‘परंतु’ यांच्यामध्ये चालली, तर ‘दुप्पट’ एकीकडे आणि ‘सव्वापट’ दुसरीकडे जाते. पहिलाच तुकडा हाती आला, तर उत्तर 200 रुपये येते.

तुकडे किंचित एकमेकांवर चढवून कापण्याचा उपाय प्रचलित आहे. त्याने कात्रीचा दोष कमी होतो, कालबाह्यतेचा होत नाही. अधिक मोठे मॉडेल घेऊन सगळेच दस्तऐवज त्याच्यापुढे ठेवावेत, असाही युक्तिवाद होतो. दोन्ही पत्रे समोर असतील तर चांगले मॉडेल तारखा पाहून योग्य निष्कर्ष काढू शकेल हे खरे. पण नंतरची तारीख म्हणजे वरचढ अधिकार असे नेहमीच नसते. नंतरचे परिपत्रक आधीच्या वैधानिक नियमाला बदलू शकत नाही. 2021 च्या सवलतीचे जे झाले, त्याच्या मुळाशी हेच तत्त्व होते.

खरा उपाय नीरस आणि मानवी आहे. प्रत्येक दस्तऐवजाबरोबर चार गोष्टी नोंदवाव्या लागतात: तो कधीपासून लागू आहे, कधी संपला, कोणत्या दस्तऐवजाला रद्द किंवा दुरुस्त करतो आणि त्याचा दर्जा काय, म्हणजे नियम की परिपत्रक. शोध घेण्याआधीच या नोंदींच्या आधारे मृत कागद बाजूला काढायचे. नियम शब्दांच्या मोजणीने न कापता कलमांच्या सीमेवर, परंतुकासह कापायचे. दुरुस्त्या मूळ मजकुरात मिसळून एकत्रित प्रत तयार करायची आणि तीच शोधासाठी ठेवायची. हे काम कार्यालयातील कागदांचा इतिहास जाणणाऱ्या माणसाचे आहे. मॉडेल निवडण्याआधी अशा माणसाचा वेळ राखून ठेवला पाहिजे.

यंत्रणा पारखण्याची रीतही त्याबरोबर बदलली पाहिजे. उत्तर गुळगुळीत आहे का, हे पाहून काहीच सिद्ध होत नाही. ज्यांची उत्तरे काळाच्या ओघात बदलली आहेत असे तीसचाळीस प्रश्न जाणकाराकडून लिहून घ्यावेत आणि प्रत्येकासाठी आज लागू असलेला उतारा आधीच निश्चित करावा. मग मॉडेलला बाजूला ठेवून फक्त शोधाचे निकाल पाहावेत. तो उतारा पहिल्या पाचांत आला का आणि त्याच्या जागी रद्द झालेला उतारा किती वेळा आला, हे मोजावे. योग्य उतारा आलाच नसेल, तर दोष शोधाचा. येऊनही उत्तर चुकले, तर दोष मॉडेलचा. बदललेल्या नियमांचे प्रश्न चाचणीत नसतील, तर यंत्रणा उत्तम गुण मिळवील आणि चालकाला नाक्यावर टोल न भरता पुढे जायला सांगेल.