दहा एकरांचं विक्रीपत्र, अडीच एकरांची मालकी

वर्ध्याच्या कोर्टाच्या आवारात दोन प्रकारचे खरेदीदार भेटतात. पहिल्याला वाटतं, विक्रीपत्र रजिस्टर झालं, सातबाऱ्यावर नाव चढलं, आता ब्रह्मदेव आला तरी जमीन माझीच. दुसऱ्याला विकणाऱ्याच्या बहिणीची नोटीस आली की वाटतं, सगळं बुडालं, कागद रद्दी झाला. दोघंही चूक आहेत, आणि दोघांच्या अज्ञानावर आमच्याकडे अर्जनवीस, दलाल आणि काही काळे कोट सुखाने जगतात.

एक नेहमीचं प्रकरण घ्या. समजा, सेलू तालुक्यात दहा एकर शेत आहे, बापाने स्वतःच्या कमाईतून घेतलेलं. बाप मृत्युपत्र न करता गेला. मागे बायको, दोन मुलगे, दोन मुली. थोरल्याने पटवाऱ्याकडे जाऊन फेरफार करून घेतला आणि सातबाऱ्यावर एकट्याचं नाव आणलं. मग समृद्धी महामार्गामुळे भाव चढले, नागपूरचं गिऱ्हाईक आलं. थोरल्याने विक्रीपत्रात लिहून दिलं की मी एकमेव मालक आहे, यात कोणाचा हक्क-हिस्सा नाही. एकरी बारा लाखांनी एक कोटी वीस लाख घेतले आणि मोकळा झाला.

हिंदू वारसा कायद्याप्रमाणे बाप गेला त्या क्षणी पाच वारसांचे पाच सारखे हिस्से झाले. त्यासाठी फेरफार लागत नाही. थोरल्याकडे दहापैकी दोन एकर होते, म्हणून त्याने विकले तेही दोनच, विक्रीपत्रात दहा लिहिलेले असोत की शंभर. दुय्यम निबंधक मालकी तपासत नाही. ते त्याचं कामच नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये तमिळनाडूच्या एका नियमाबाबत पुन्हा बजावलं. आणि सातबारा हा महसुलाचा कागद आहे. त्याची नोंद खरी मानतात, पण कोणी खोटी ठरवीपर्यंतच.

यावर खरेदीदाराचं ठरलेलं रडगाणं: 'साहेब, मी प्रामाणिक गिऱ्हाईक. सातबाऱ्यावर त्याचंच नाव होतं.' मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ४१ मध्ये अशा गिऱ्हाइकाला आसरा आहे, पण दोन अटींवर. खऱ्या मालकांच्या संमतीने तो माणूस मालक म्हणून मिरवत असला पाहिजे, आणि तुम्ही पुरेशी चौकशी केलेली पाहिजे. बहीण सासरी गप्प बसली म्हणजे तिने संमती दिली असं होत नाही. चौकशीचं विचाराल तर वारसाचा फेरफार एकदा वाचा म्हणतो मी. बहुतेकदा त्यातच लिहिलेलं असतं: मयताला दोन मुलगे, दोन मुली, मुलींनी जबाबाने हक्क सोडला. हा जबाब म्हणजे पटवाऱ्यासमोरचा अंगठा. नोंदणीकृत हक्कसोडपत्र नसेल तर अशा अंगठ्याने जमिनीतला हिस्सा जात नाही. ही ओळ तुमच्या डोळ्यांसमोर होती आणि तुम्ही भावावर नजर ठेवून पुढे गेलात. मग प्रामाणिकपणाचं प्रमाणपत्र कोर्टाकडे कशाला मागता?

पण दोन एकर तुमचेच. कलम ४४ प्रमाणे तुम्ही थोरल्याच्या जागी उभे राहता आणि वाटणी मागू शकता. फक्त वाटणीआधी अमुक धुऱ्यापासून अमुक धुऱ्यापर्यंतचा तुकडा माझा, असं म्हणता येत नाही. रामदास विरुद्ध सीताबाई या महाराष्ट्रातल्याच प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये तेच सांगितलं: सहहिस्सेदार आपला अविभक्त हिस्सा विकू शकतो, पण वाटणी झाल्याशिवाय ताबा देऊ शकत नाही. शेताऐवजी राहतं घर असेल तर परिस्थिती आणखी वाईट. तिथे परक्याला घरच्यांबरोबर ताबा मिळतच नाही, आणि तुम्ही वाटणीचा दावा केलात तर घरचा हिस्सेदार १८९३ च्या वाटणी कायद्याखाली कोर्टाने ठरवलेल्या किमतीला तुमचाच हिस्सा विकत घेऊ शकतो.

आता जे कोणी सांगत नाही ते. वाटणीचा दावा एकट्या या शेताचा नको, कुटुंबाच्या सगळ्या सामाईक मालमत्तेचा असू द्या. त्या कुटुंबाचा आर्वी रोडला प्लॉट असेल, दुसरं शेत असेल, तर ते भावंडांना द्या आणि विकलेलं शेत थोरल्याच्या वाट्याला टाका, असं तुम्ही न्यायाच्या दृष्टीने मागू शकता. इतरांचं नुकसान होत नसेल तर कोर्ट ते मान्य करू शकतं, आणि दोनाचे पाच-सहा एकर हाती लागू शकतात.

दुसरं, कलम ४३. समजा विक्रीनंतर आई वारली, तिनेही मृत्युपत्र केलेलं नाही. तिचे दोन एकर चार मुलांत गेले, थोरल्याकडे आणखी अर्धा एकर आला. त्याने तुम्हाला खोटं सांगून विकलं असल्याने तो अर्धा एकर तुम्ही मागू शकता. मात्र तोवर व्यवहार जिवंत असला पाहिजे. रागाच्या भरात 'व्यवहार रद्द' अशी नोटीस ठोकून बसलात तर हे दार तुम्हीच बंद केलं. आणि बहिणी आहेत हे तुम्हाला आधीच ठाऊक होतं हे सिद्ध झालं, तर फसलात कुठे? स्वस्तात मिळतं म्हणून डोळे मिटून घेणाऱ्यांची संख्या आमच्या जिल्ह्यात कमी नाही.

उरले साडेसात एकर, म्हणजे नव्वद लाख. विकणाऱ्याने हमी लिहून दिलेली नसली तरी कलम ५५(२) प्रमाणे मालकीची हमी कायद्यानेच गृहीत धरलेली आहे. दिलेली किंमतच काय, वाढलेल्या भावाने होणारं नुकसानही मागता येतं. इंग्लंडमध्ये अशा खरेदीदाराच्या भरपाईला कात्री लागत असे, पण मुंबई उच्च न्यायालयाने १८९५ मध्येच ती इथे लावायला नकार दिला.

पोलीस म्हणतील, 'दिवाणी वाद आहे, कोर्टात जा.' त्यांच्यासमोर मोहम्मद इब्राहिम विरुद्ध बिहार राज्य हा २००९ चा निकाल ठेवा. दुसऱ्याची जमीन आपली म्हणून विकणं ही बनावट दस्तऐवजाची खोटेगिरी नाही, असं त्यात म्हटलं आहे. पण मालकीबद्दल खोटं सांगून खरेदीदाराला फसवलं, तर फसवणुकीची तक्रार तो खरेदीदार करू शकतो, हेही त्यातच आहे. बहिणीची ती तक्रार टिकत नाही, तुमची टिकू शकते. १ जुलै २०२४ पासूनच्या व्यवहाराला भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८(४), आधीच्या व्यवहाराला जुनं ४२०.

आणि सगळ्यात मोठा घात इथे होतो. बहीण वाटणीचा दावा करते, भाऊ पहिला प्रतिवादी, तुम्ही दुसरे. तुम्ही जबाब देता, तारखांना येता, आणि समजता की निकालात कोर्ट भावाला माझे पैसे परत द्यायला लावील. कोर्ट तसं सहसा करत नाही. केवळ सहप्रतिवादीविरुद्ध प्रतिदावा चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये रोहित सिंग प्रकरणात स्पष्ट केलं आहे. पैशांसाठी स्वतंत्र दावा लागतो आणि त्याला मुदत तीन वर्षांची. ती कधी सुरू होते यावर वकील हवे तेवढे भांडोत, तुम्ही बहिणीची पहिली नोटीस आली त्या तारखेपासून मोजा. दाव्यासोबतच थोरल्याचं घर, खाती, नवा ट्रॅक्टर निकालाआधी जप्त करण्याचा अर्ज द्या, कारण बहिणीच्या दाव्याचा निकाल लागेपर्यंत त्याच्या नावावर काहीच उरलेलं नसतं.