डॉक्टरांना सांगू नका, लिहून द्या

संध्याकाळी छातीत धडधडतं, ही तक्रार शिरूर-दौंडच्या दवाखान्यांत नेहमीची आहे. तिची अडचण अशी की धडधड सहसा दवाखान्यापर्यंत पोचतच नाही. न्हावऱ्याहून शिरूरला किंवा पाटसहून दौंडला पोचेपर्यंत झटका ओसरलेला असतो. मग कार्डिओग्राम निघतो, तो नॉर्मल येतो आणि ‘गॅस असेल’ म्हणून प्रकरण मिटतं. साधा कार्डिओग्राम हृदयाचे जेमतेम दहा सेकंद टिपतो, आणि आठवड्यातून दोनदा येणारी धडधड त्या दहा सेकंदांत येईलच कशाला? अंगावर बांधायचं होल्टर यंत्रही बहुधा चोवीस तासांचंच लावतात. म्हणून माझं म्हणणं असं की अशा रुग्णाची पहिली तपासणी त्याने स्वतःच करायची असते: महिनाभराच्या नोंदी आणि त्यांवरून फॅमिली डॉक्टरांना लिहिलेलं एक पानी पत्र.

समजा, दौंडहून रोज रेल्वेने पुण्याला जाणाऱ्या एका नोकरदाराने असं पत्र लिहिलं. महिन्यात नऊ वेळा धडधडलं. त्यातली एक नोंद अशी: ‘४ तारीख, सायं. ७.१०. दुपारचा डबा राहिला, गाडीत बसण्याआधी दोन चहा. धडधड हळूहळू वाढली, नाडी ११२, बीपी १३८/८६, अर्ध्या तासात हळूहळू उतरली.’ अशा सात नोंदी. उरलेल्या दोन वेगळ्या: ‘१७ तारीख, रात्री ८.०५. जेवून टीव्हीसमोर बसलो होतो, चहा नाही. बटण दाबल्यासारखी एकदम सुरू. नाडी नीट मोजता येईना, यंत्रावर १७२. वीस मिनिटांनी एकदम थांबली.’ तोंडी सांगताना हाच माणूस ‘संध्याकाळी धडधडतं, चहाने होत असेल’ एवढंच म्हणाला असता, आणि सातांच्या गर्दीत ते दोन झटके हरवले असते. सात नोंदी वाचून डॉक्टर उपासमार, चहा, रक्तातलं लोह, थायरॉईड यांकडे वळतील. उरलेल्या दोन वाचून मात्र त्यांना हृदयातल्या विद्युतमार्गाच्या बिघाडाचा संशय येईल, कारण तिथे ठोके असे एकदम चढतात आणि एकदम उतरतात. त्याचा मार्ग हृदयरोगतज्ज्ञाकडे जातो. पुढचा झटका आला की तो चालू असतानाच जवळ जिथे मिळेल तिथे कार्डिओग्राम काढून घ्या, असंही ते बजावतील.

या पत्रात लोक हमखास गाळतात त्या काही न झालेल्या संध्याकाळी. दोन चहा घेऊनही धडधडलं नाही, असे चार दिवस लिहिलेले असतील तर चहावरचा आरोप सैल होतो आणि राहिलेल्या डब्यावरचा घट्ट होतो. शांत संध्याकाळची नाडीही हवी. जिची नेहमीची ६४ आहे तिच्या ११० ला जो अर्थ आहे, तो ९० वाल्याच्या ११० ला नाही. तंबाखू, मिश्री, दम्याचा पंप, सर्दीची गोळी, मधुमेहाच्या किंवा बीपीच्या गोळीची चुकलेली वेळ हे सगळं लिहावं. मिश्री लिहायला संकोच वाटतो, आणि तीच बहुतेक पत्रांतून गळते.

आकड्यांवर आंधळा विश्वास नको. ठोके अनियमित असतील तर घरचं बीपीचं यंत्र नाडी आणि दाब दोन्ही चुकवू शकतं. अशा वेळी मनगटावर तीन बोटं ठेवून घड्याळात पूर्ण मिनिट मोजावं, आणि ठोक्यांचा ताल टेबलावर बोटाने वाजवून पाहावा: सरळ, मध्येच एक गाळणारा, की पार बेताल? तेच पत्रात शब्दांत लिहावं. बेताल ठोक्यांना साठीनंतर जास्त महत्त्व आहे, कारण त्यातल्या एका प्रकारात हृदयात गुठळी होऊन पक्षाघात होऊ शकतो.

यावर आक्षेप येतो की मोजत बसलं की माणूस घाबरतो आणि घाबरला की आणखी धडधडतं. खरं आहे. म्हणून झटक्यात एकदाच मोजायचं, आणि एरवी दिवसातून ठरलेल्या वेळी एकदा. दर पाच मिनिटांनी पट्टा बांधणाऱ्याची वही डॉक्टरांच्याही उपयोगाची नसते. दुसरा आक्षेप, डॉक्टरांना वाचायला वेळ कुठे? वही पुढे केली तर नसेलच. म्हणून पत्राच्या पहिल्या तीन ओळींत किती वेळा, किती वेळ आणि वेगळे झटके कोणते हे यावं, तारखा खाली. उलट, ‘कधीपासून? किती वेळ?’ या प्रश्नोत्तरांतच त्यांची पाच मिनिटं जातात.

महिनाभर वाट पाहण्याचा हा सल्ला सगळ्यांना लागू नाही. धडधडीबरोबर छातीत दुखलं, दम लागला, डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा शुद्ध हरपली, तर वही बाजूला ठेवा आणि १०८ ला फोन करा. घरात कोणी तरुणपणी अचानक दगावलं असेल, तर पहिल्याच झटक्यानंतर डॉक्टरांकडे जा.